फुल अँड फायनलच्या पत्रात "पुढच्या पे-रोलमध्ये" लिहू नका

एचआरमध्ये लागून मला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या स्टोअर्समधल्या एका माणसाने राजीनामा दिला. त्याचं फुल अँड फायनलचं पत्र सरांनी माझ्याकडे "जरा मराठी-इंग्रजी बघून दे" म्हणून टाकलं. मी शुद्धलेखन तपासलं, नावातला एक काना दुरुस्त केला आणि पत्र सोडून दिलं. आकड्यांकडे पाहिलंच नाही. पत्रात मजकूर म्हणून एवढंच होतं: "आपली सर्व देय रक्कम आवश्यक वजावटीनंतर पुढच्या पे-रोलमध्ये अदा करण्यात येईल."

पत्रावर तारीख २७ होती. आमचं पे-रोल २५ ला बंद होतं. म्हणजे "पुढचं पे-रोल" हे पुढच्या महिन्याच्या २५ ला बंद होणारं, आणि पैसे त्यानंतरच्या १ तारखेला. त्या माणसाने मात्र सरळ अर्थ लावला, की चार दिवसांनी १ तारीख आहे, त्या दिवशी पैसे येणार. त्या भरवशावर त्याने घराच्या डिपॉझिटचा चेक दिला. चेक परत आला. तो ऑफिसच्या गेटवर उभा राहून मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पत्रात लिहिलंय ना?" मला उत्तर देता आलं नाही. वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरीही ते त्याला फसवून गेलं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

म्हणून हा एकच मुद्दा मी जरा जास्तच घोळवणार आहे. पत्रात दिनांक हवा. "लवकरच" नको, "प्रक्रियेनुसार" नको, "क्लिअरन्सनंतर" तर अजिबात नको. कारण क्लिअरन्स कोणाच्या हातात आहे? लॅपटॉप आयटीने घ्यायचा, ओळखपत्र सिक्युरिटीने, आणि स्टोअर्सचा कागद कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. या सगळ्याची वाट बघायची असेल तर ते आधी उरकून घ्या आणि मग पत्र काढा.

आता तर सवड आणखी कमी झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. राजीनामा देणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं, असं तिथे लिहिलेलं आहे. पूर्वी सर्रास "४५ दिवस" लिहायचे. जुने फॉरमॅट तुमच्या फोल्डरमध्ये अजून तसेच पडले असतील, ते उघडून बघाच. ग्रॅच्युइटीची मुदत मात्र वेगळी आहे, ३० दिवसांची. म्हणजे एकाच पत्रात दोन तारखा येतात, आणि "सर्व देय रक्कम" असं एका दमात लिहिलं की हा फरक बुडून जातो.

आकड्यांवर बघू. बेसिक २६,०००, ग्रॉस ४६,५००. रुजू १ ऑगस्ट २०१९, शेवटचा दिवस मंगळवार, १७ मार्च २०२६. राजीनामा २० फेब्रुवारीला, नोटीस ३० दिवसांची. २० फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला तर नोटीस २१ मार्चला पुरी होते, म्हणजे चार दिवस कमी पडले. नियुक्तिपत्रात कपात ग्रॉसवर आहे आणि रजेचे पैसे बेसिक भागिले २६ या दराने आहेत, असं धरू.

माझ्याकडे कच्चं पत्र असं यायचं: "वजावटीनंतर देय रु. १,३३,५८९." पूर्णविराम. माणूस घरी जाऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि हिशोब काही लागत नाही. मग तो फोन करतो, आणि तोपर्यंत तुम्हालाही आठवत नसतं.

मी ते असं लिहिते: "मार्च महिन्याच्या १७ दिवसांचं वेतन, रोज रु. १,५०० प्रमाणे (४६,५०० भागिले ३१), रु. २५,५००. शिल्लक ११ रजांचे, रोज रु. १,००० प्रमाणे (बेसिक भागिले २६), रु. ११,०००. यातून वजा: अपुऱ्या नोटिशीचे ४ दिवस, रु. ६,०००, भविष्य निर्वाह निधीतला आपला हिस्सा, रु. १,७११, व्यवसाय कर, रु. २००, आयकर, शून्य. निव्वळ रु. २८,५८९ आपल्या पगाराच्या बँक खात्यात शुक्रवार, २० मार्च २०२६ पर्यंत जमा होतील. ग्रॅच्युइटी ७ वर्षांची, रु. १,०५,०००, याच खात्यात १६ एप्रिल २०२६ पर्यंत स्वतंत्रपणे जमा होईल."

२० तारीख कशी आली? १८ मार्च हा पहिला कामकाजाचा दिवस. १९ ला गुढीपाडवा, ऑफिस बंद. म्हणून दुसरा दिवस २० मार्च. "दोन दिवसांत" असं लिहिलं असतं तर तो पाडव्यालाच बँकेचा मेसेज शोधत बसला असता. मोजणी तुम्ही करा, त्याच्यावर सोडू नका.

ग्रॅच्युइटीत ७ वर्षं बघून नवखे दचकतात, कारण नोकरी ६ वर्षं ७ महिने १७ दिवसांची आहे. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. हिशोब बेसिक गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १५,०००. हे पत्रातच लिहून टाका, नाहीतर कुणीतरी ६ वर्षांचाच हिशोब करून "जास्त दिलंत" म्हणेल किंवा अकाउंट्सवाले परस्पर कापतील. मला दोन्ही अनुभव आहेत. आणि नोटिशीचे ६,००० ग्रॅच्युइटीतून कापायची कल्पना कुणी काढली तर तिथेच थांबवा. ती कपात वेतनाच्या बाजूलाच राहू द्या.

शून्य आयकरही लिहायचाच. लिहिला नाही तर माणूस म्हणतो, विसरले असतील, नंतर कापतील. भविष्य निर्वाह निधीची जमा रक्कम या हिशोबात येत नाही, ती त्याने स्वतः काढायची किंवा नव्या खात्यात वळवायची. नोकरी सोडल्याची तारीख तिथे नोंदवणं हे आपलं काम. पत्रात ती कोणत्या दिवशी नोंदवली हे एका ओळीत येऊ द्या.

आता माझं एक हट्टाचं मत. इंटरनेटवरून उचललेले फॉरमॅट वापरू नका. त्यातल्या शेवटच्या परिच्छेदात हमखास असतं: "मला सर्व रक्कम मिळाली असून माझा कोणताही दावा उरलेला नाही." पैसे यायच्या आधीच सही! मी तिथे दोन ओळी करते: आज हिशोब वाचला आणि समजला, याची एक सही, पैसे आले, त्या दिवशीची दुसरी. आमच्या अनुभवी सरांना हे फाजील वाटतं. "इतकं कोण वाचतं?" म्हणतात. ते भले माणूस आहेत, पण गेटवर ते उभे नव्हते.

पहिली दोन-तीन पत्रं तुम्हाला रात्री अंथरुणात आठवतील, मलाही आठवायची. त्यावर माझा उपाय साधा आहे. पत्र पाठवायच्या आधी बाजूच्या टेबलवरच्या, पे-रोलशी संबंध नसलेल्या कुणाला तरी ते वाचायला देते आणि दोनच प्रश्न विचारते: कोणत्या तारखेला किती येणार, आणि सहा हजार का कापले? परवा कँटीनच्या ताईंना दिलं. त्या म्हणाल्या, "वीस तारखेला अठ्ठावीस हजार पाचशे एकोणनव्वद. आणि चार दिवस आधी गेला म्हणून कापलेत." त्यावर मी सही केली.