चॅटच्या स्क्रीनशॉटचा लॉग बनवताय? या चुका टाळा, नाहीतर टँकरचा होकार लिफ्टला लागेल

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीतरी ठरलं, नंतर वाद झाला, आणि कोणीतरी आठ-दहा स्क्रीनशॉट पाठवून म्हणालं की यातून वेळ, कोण बोललं आणि काय बोललं असा नीट तक्ता काढून द्या. ऐकायला सोपं काम आहे. पण यात वेळ चुकत नाही, शब्दही फारसे चुकत नाहीत, चुकतं ते कोणाचं उत्तर कशाला होतं हे, आणि वाद तर नेमका त्यावरच असतो.

एक उदाहरण घेऊन बोलू म्हणजे हवेत राहणार नाही. ग्रुपमध्ये नावं फ्लॅट नंबरने सेव्ह आहेत. ८:४१ ला सेक्रेटरी विचारतात, उद्यासाठी टँकर सांगू का. ८:४२ ला बी-३०२ मध्येच लिफ्टचा विषय काढतात की एएमसी संपतेय, १८,००० सांगितलेत, रिन्यू करायची का. त्याच मिनिटाला ए-१०४ वाले सेक्रेटरींच्या मेसेजला रिप्लाय करून लिहितात, "हो, हरकत नाही". आता नुसता वरून खाली लॉग लिहिला तर हा होकार लिफ्टच्या १८,००० च्या बरोब्बर खाली येतो. वाचणारा काय समजेल ते सांगायला नको.

रिप्लायच्या वरचा कोट वेगळा मेसेज म्हणून लिहिणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोणी रिप्लाय केला की बबलच्या आत वरती एक फिकट चौकोन दिसतो, डाव्या कडेला रंगीत पट्टी, त्यात मूळ मेसेजवाल्याचं नाव आणि मेसेजचा तुकडा. माणसाला ते लगेच कळतं, पण ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून टेक्स्ट देणाऱ्या प्रोग्रामला, रंग-पट्टी काही कळत नाही, तो फक्त ओळी देतो. आपल्या उदाहरणातला एक बबल तो असा देणार:

```
ए-104
सेक्रेटरी
उद्यासाठी टँकर सांगू का?
हो, हरकत नाही 8:42 pm
```

आता "नावाची ओळ आली की नवा माणूस बोलायला लागला" असा साधा नियम लावून कोणी हे भरलं, हाताने असो की स्क्रिप्टने, तर ए-१०४ च्या नावावर काहीच उरत नाही, सेक्रेटरींनी तोच प्रश्न परत विचारला असं दिसतं आणि वर त्यांनी स्वतःच "हो, हरकत नाही" म्हटलं असंही दिसतं, म्हणजे एका बबलमध्ये तीन घोळ.

ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक खऱ्या मेसेजला खाली उजवीकडे स्वतःची वेळ असते आणि कोटच्या तुकड्याला नसते. वेळ नाही तर मेसेज नाही. तारखेची पट्टी, "Forwarded" असं लेबल, अमक्याने तमक्याला ॲड केलं ही सूचना, या कशालाच वेळ नसते, त्यामुळे हा एक नियम बरंच काही गाळून देतो. डिलीट केलेल्या मेसेजला मात्र वेळ असते, त्याची ओळ ठेवायचीच, उडवायची नाही.

मग कोट टाकून द्यायचा का? अजिबात नाही, तोच तर धागा आहे. तीन कॉलमच्या जोडीला दोन छोटे कॉलम घाला, पहिला अनुक्रमांक आणि शेवटचा "कशाला", म्हणजे कितव्या नंबरच्या मेसेजला उत्तर दिलं ते. तोच भाग मग असा होतो:

```
1 | 2024-03-12 20:41 | सेक्रेटरी | उद्यासाठी टँकर सांगू का? | -
2 | 2024-03-12 20:42 | बी-302 | लिफ्टची एएमसी संपतेय, 18000 सांगितलेत, रिन्यू करायची का? | -
3 | 2024-03-12 20:42 | ए-104 | हो, हरकत नाही | 1
4 | 2024-03-12 20:43 | ए-104 | दोन सांगा | -
5 | 2024-03-12 20:43 | सी-201 | नको, आधी मीटिंग घ्या | 2
```

चौथ्या ओळीला कोट नाही म्हणून तिथे डॅश आहे. "दोन सांगा" म्हणजे दोन टँकर हे आपल्याला कळतंय, तरी अंदाजाने १ लिहायचा नाही, हवं तर बाजूला शेरा लिहा.

कोट ज्या मेसेजचा आहे तो स्क्रीनशॉटमध्येच नसेल, खूप वरचा असेल, तर कॉलममध्ये "आधीचा, दिसत नाही" लिहून कोटचा तुकडा जसाच्या तसा द्या. फोन हातात असेल तर कोटवर टॅप केलं की व्हॉट्सॲप मूळ मेसेजवर नेतं, तिथला एक स्क्रीनशॉट वाढवा आणि विषय संपवा. मूळ मेसेज नंतर डिलीट झालेला असला तरी कोटमध्ये तो तुकडा राहिलेला असतो, पण तो डिलीटच्या ओळीत मेसेज म्हणून भरू नका, शेऱ्यात ठेवा, कारण कोट लांब मेसेजचा असेल तर अर्धवटच दिसतो.

एक्सेलमध्ये टाकून वेळेनुसार सॉर्ट मारणं

हात शिवशिवतात, मान्य आहे. पण स्क्रीनवर सेकंद दिसत नाहीत, फक्त मिनिट, आणि तापलेल्या ग्रुपवर एका मिनिटात पाच-सहा मेसेज सहज पडतात, त्यातला कुठला आधी हे वेळेवरून कळणारच नाही. त्यात वेळ टेक्स्ट म्हणून पेस्ट झाली असेल तर 10:05 हा 8:42 च्या वर जाऊन बसतो, am आणि pm चा गोंधळ आणखी वेगळा. कधी कधी एखाद्याचं नेट गेलेलं असतं आणि वरच्यापेक्षा खालच्या बबलची वेळ आधीची दिसते, ती "दुरुस्त" करायची गरज नाही, स्क्रीनवर जसं दिसतंय तसं ठेवा आणि शेऱ्यात लिहा. क्रम ठरतो बबलच्या जागेवरून, वेळ ही फक्त माहिती. म्हणून तर अनुक्रमांक आधी घालायचा, मग कोणी काहीही सॉर्ट करू दे, परत मूळ क्रमावर येता येतं.

ओसीआरने डावं-उजवं वेगळं केलं

हीसुद्धा क्रमाचीच बोंब आहे पण वेगळ्या कारणाने. आलेले बबल डावीकडे, ज्याचा फोन त्याचे उजवीकडे, त्यामुळे टेसरॅक्टसारखा प्रोग्राम साध्या सेटिंगवर चालवला तर त्याला कधी कधी ते वर्तमानपत्राचे दोन कॉलम वाटतात आणि तो आधी डावीकडचं सगळं वाचतो, मग उजवीकडचं. आउटपुटमध्ये एका माणसाचे सगळे मेसेज सलग शेवटी आले असतील तर समजा हेच झालंय. उपाय म्हणजे आधी इमेजमॅजिकने चित्र करडं आणि दुप्पट मोठं करायचं, मग टेसरॅक्टला `--psm 6` देऊन सांगायचं की हा एकच ब्लॉक आहे, ओळीने वाच:

```
magick shot.png -colorspace Gray -resize 200% shot2.png
tesseract shot2.png out -l mar+eng --psm 6 tsv
```

शेवटचा tsv महत्त्वाचा. त्याने प्रत्येक शब्दाची जागा मिळते, top म्हणजे वरून किती आणि left म्हणजे डावीकडून किती. top वरून क्रम पडताळता येतो आणि left वरून बबल कुठल्या बाजूचा ते कळतं. डार्क मोडचा स्क्रीनशॉट असेल तर पहिल्या ओळीत `-negate` पण घाला, काळ्यावर पांढरं वाचताना जास्त चुका होतात. निळ्या टिका W किंवा // अशा काहीतरी होऊन येतात आणि वेळेला चिकटतात, त्या काढा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालू असल्यामुळे आकडे मधेच देवनागरी येऊ शकतात, रकमेचा आकडा तर डोळ्याने मूळ चित्राशी ताडूनच घ्या.

नाव नाही म्हणून वरच्याचंच नाव

ग्रुपमध्ये एकाने सलग तीन मेसेज टाकले की नाव फक्त पहिल्यावर दिसतं. त्यामुळे खालच्या दोघांना वरचं नाव लावायचं हे बरोबरच आहे, पण स्क्रीनशॉट जिथे सुरू होतो तिथला पहिलाच बबल बिननावाचा असेल तर त्याचं नाव मागच्या स्क्रीनशॉटमध्ये आहे, आणि मागचा नसेल तर सरळ "माहीत नाही" लिहा. अँड्रॉइडवर बबलचं टोकदार कोपरंही फक्त पहिल्या मेसेजला असतं, त्यावरून सलग मालिका कुठे सुरू झाली ते दिसतं. उजवीकडच्या बबलना नावच नसतं आणि त्यांना कोट केलं की "You" येतं. म्हणजे स्क्रीनशॉट कोणाच्या फोनमधला हे आधी विचारून घ्यायला हवं, दोन जणांनी पाठवलेले एकत्र केले तर एकाचा "You" दुसऱ्याकडे बी-३०२ असतो.

"Today" चा अर्थ पाठवलेल्या दिवसावरून लावणं

तारखेच्या पट्टीवर Today, Yesterday किंवा नुसता वार असतो, आणि तो स्क्रीनशॉट काढला त्या दिवसाच्या हिशोबाने. मूळ फाइलच्या नावात बहुतेक फोन काढल्याची तारीख घालतात, `Screenshot_20240312-...` अशी. पण तीच इमेज अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आली की नाव होतं `IMG-20240314-WA0009.jpg`, आणि यातली १४ तारीख स्क्रीनशॉटची नाही. त्यावरून Today ठरवलं की सगळा लॉग दोन दिवस पुढे. पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे नाव मूळचं राहतं.

आणि फ्लॅटमालक दुबईत असतील तर त्यांच्या स्क्रीनशॉटवर सेक्रेटरींचा ८:४१ चा मेसेज ७:११ चा दिसेल, कारण वेळ फोनच्या टाइमझोनप्रमाणे येते. दोन्हीकडे असलेला एखादा मेसेज शोधा, बरोब्बर दीड तासाचा फरक निघाला की त्यांचं सगळं दीड तासाने पुढे घ्या.

जोडाजवळचे डबल मेसेज

दोन स्क्रीनशॉटमध्ये थोडा भाग सारखा असतोच, असायलाच हवा, नाहीतर मधलं काही सुटलं का ते कळत नाही. पण "सारखे मेसेज काढून टाका" असं बटण दाबू नका. ग्रुपवर "हो" आणि "ओके" शंभर वेळा येतात आणि एकाच माणसाने एका मिनिटात दोनदा "हो" म्हटलेलं असू शकतं, एकदा टँकरला, एकदा लिफ्टला. पहिल्याच्या शेवटच्या तीन ओळी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीच्या तीन ओळी त्याच क्रमाने जुळल्या तरच जोड मानायचा. अर्धा कापलेला बबल ज्या स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण दिसतो तिथून घ्या, आणि "Read more" दिसत असेल तर ते उघडून काढलेला स्क्रीनशॉट परत मागवा.

आता कोणी म्हणेल, एवढी मरमर कशाला, एक्सपोर्ट चॅट करा की. करा, मिळत असेल तर जरूर करा, शब्द आणि तारखा नेमक्या मिळतात, आयफोनवर तर सेकंदही येतात. पण त्या टेक्स्ट फाइलमध्ये कोण कोणाला रिप्लाय करत होतं ते येतच नाही, "हो, हरकत नाही" तिथेही लिफ्टच्याच खाली पडलेला असतो. म्हणून एक्सपोर्ट असला तरी "कशाला" हा कॉलम भरायला स्क्रीनशॉटच लागतात. पाठवायच्या आधी प्रत्येक स्क्रीनशॉटवरच्या वेळा मोजा, जोडातल्या दोनदा आलेल्या वजा करा, आणि तेवढ्याच ओळी लॉगमध्ये आहेत का बघा. ओळी जास्त भरल्या तर एखादा कोट मेसेज होऊन बसलाय, कमी भरल्या तर जोडाजवळ शोधा.