कानात दडा बसला? मेणबत्ती लावण्याआधी हे वाचा

न्हाणं झालं की कानात दडा बसतो, आणि घरोघरी उपायांची रांग लागते: लसणाचं तेल, केसाची पिन, इअरबड. हल्ली त्यात स्पा आणि ऑनलाइन विक्रीतून आलेल्या ‘इअर कँडल’ची भर पडली आहे. यातल्या कशाने काय बिघडतं हे कळायला कानात नेमकं काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो, पडद्याजवळ नाही. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, आणि चावताना, बोलताना जबडा हलतो त्यानेही मळ बाहेर ढकलला जातो. म्हणजे बहुतेकांचा कान स्वतःच साफ होत असतो. इअरबड किंवा पिन घातली की बाहेर निघालेला मळ उलट पडद्यापर्यंत रेटला जातो. बोळ्याला थोडा पिवळा मळ लागलेला दिसतो म्हणून काम झालं असं वाटतं, पण उरलेला आत घट्ट बसलेला असतो. मग न्हाताना त्यात पाणी शिरतं, तो फुगतो आणि एकाएकी ऐकू येणं कमी होतं.

आता मेणबत्तीकडे वळू. मेणात बुडवलेल्या कापडाची ही पोकळ नळी असते. माणसाला कुशीवर निजवून तिचं एक टोक कानात बसवतात आणि दुसरं पेटवतात. ज्योतीमुळे आत ओढ तयार होते आणि मळ वर खेचला जातो, असा दावा असतो. 1996 मध्ये अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं. अशी कोणतीही ओढ तयार होत नव्हती, मळही निघाला नव्हता, उलट काही कानांत मेणबत्तीचंच मेण सांडलेलं आढळलं. विचार केला तरी हे पटतं. चिकट मळ उखडून काढण्याएवढी ओढ असती तर तिने आधी नाजूक पडद्यालाच इजा केली असती.

मग शेवटी उरलेली नळी कापून दाखवतात तेव्हा आत दिसणारा तपकिरी चुरा काय असतो? जळलेलं कापड आणि मेण. कानात न घालता नुसती जाळली तरी नळीत तोच चुरा राहतो. लोकांचा विश्वास बसतो तो या चुऱ्यामुळेच, म्हणून मला हा भाग सगळ्यात जास्त खटकतो. कान, चेहरा, केस भाजणं, गरम मेण नळीत गोठणं, पडद्याला भोक पडणं, अशा इजांची नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 मध्ये या मेणबत्त्यांबद्दल इशाराही दिला होता.

तेलाचं प्रकरण वेगळं आहे, कारण ते पूर्णपणे चुकीचं नाही. घट्ट मळ मऊ करायला तेल चालतं. चूक होते ती लसूण टाकून कढवलेलं तेल अंदाजाने गार झालं असं समजून कानात ओतण्यात, आणि मुलाचा कान ठणकतोय म्हणून तेल घालण्यात. लहान मुलांचं असं दुखणं बऱ्याचदा पडद्यामागच्या संसर्गाचं असतं. पडदा शाबूत असेल तर तेल तिथे पोहोचतच नाही, आणि फाटला असेल तर ते आत जाता कामा नये.

समजा, एका बाईंचा उजवा कान न्हाल्यावर बंद झाला. दुखत नाही, कान वाहत नाही, पडद्याला भोक असल्याचं कधी कुणी सांगितलेलं नाही, कानाचं ऑपरेशन झालेलं नाही. त्यांनी साधं, न तापवलेलं ऑलिव्ह तेल घ्यावं. बाधित कान वर करून कुशीवर निजावं, दोन-तीन थेंब सोडावेत आणि पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहावं. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटतो, कारण मऊ झालेला मळ फुगतो. तेव्हा घाबरून पिन हातात घेऊ नये. पाच दिवसांत फरक पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. ते आत बघत मळ काढतात. मधुमेह असेल तर घरी प्रयोग न करता थेट तिकडेच जावं, कारण अशा कानातला साधा ओरखडाही गंभीर संसर्गाला वाट देऊ शकतो.

एका बाबतीत मात्र थांबून चालत नाही. पाणी गेलेलं नसताना एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा झोपेतून उठल्यावर कमी झालं, तर तोंड मिटून ‘म्म्म’ असा आवाज काढून पाहा. तो बंद कानात मोठा ऐकू आला तर बहुधा मळ किंवा तसाच अडथळा आहे. चांगल्या कानाकडे सरकला तर कानाच्या नसेचा त्रास असू शकतो, आणि त्याचे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त असतो. ही चाचणी पक्की नाही, त्यामुळे शंका असली तरी तेल न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना कान दाखवा.