कॉफीचे डाग: आधी चूळ, ब्रश नंतर

कॉफी संपली की मी लगेच ब्रश करायचो, तरी दातांच्या कडा पिवळट दिसायच्याच. चूक घाईत होती. कॉफी आम्लधर्मी असते. तिच्यामुळे दातांचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं, आणि तेव्हाच घासलं तर ते झिजतं.

आता कॉफी घोट घोट तासभर न पुरवता एका बैठकीत संपवतो, लगेच साध्या पाण्याने दोनदा चूळ भरतो आणि ब्रश अर्ध्या तासाने, तोही मऊ. नवे डाग खूप कमी झाले. जुने मात्र दंतवैद्याकडच्या सफाईनेच गेले.

मगातला तपकिरी थर खाण्याच्या सोड्याने निघतो: चमचाभर सोडा, थोडं पाणी, ओल्या फडक्याने हलकं चोळायचं. तारेची घासणी नको. तिच्या ओरखड्यांत डाग आणखी घट्ट बसतो.