सॉलिड परफ्यूम: डबी वितळते किंवा वासच येत नाही? या चुका टाळा

सॉलिड परफ्यूम म्हणजे मेण आणि तेलात सुगंध मिसळून डबीत घट्ट केलेला, बोटाने लावायचा परफ्यूम. मी केलेली पहिली डबी प्रवासी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती. गाडी दोन तास उन्हात उभी राहिली आणि परत येऊन बघतो तर कप्प्याचं अस्तर तेलकट, डबीत तळाला थोडासा लगदा. दुसऱ्या खेपेला मी चिडून मेण जवळजवळ दुप्पट केलं. ती डबी कुठेही वितळली नाही, पण तिच्यावर बोट कितीही घासलं तरी बोटाला काही लागेना. वास होता तो नुसता मेणाचा.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच. मेण आणि तेल यांचं प्रमाण चुकलेलं असतं, आणि एक दुरुस्त करायला गेलं की दुसरी उद्भवते.

चमच्याने मोजणं

"एक चमचा मेण, दोन चमचे तेल" अशा कृती सर्रास दिसतात. मेणाचे दाणे चमच्यात पोकळ्या ठेवून बसतात आणि किसलेलं मेण तर त्याहून फुगतं, त्यामुळे तोच चमचा प्रत्येक वेळी वेगळं वजन देतो. शिवाय एका डबीत मिश्रण असतं जेमतेम 15 ग्रॅम. एवढ्याशा मापात एका ग्रॅमची चूकही हाताला जाणवते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुगंधासाठी घालतो ते इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींचं सुगंधी तेल, हेही द्रवच आहे आणि तेही मेणाला मऊ करतं. वास कमी वाटतो म्हणून वरून दोन ग्रॅम सुगंध ओतला की डबी ढिली पडलीच. म्हणून मेणाचा हिशोब एकूण वजनावर करायचा. प्रवासात खिशात राहणाऱ्या डबीसाठी माझं प्रमाण असं ठरलं आहे: मेण 4.5 ग्रॅम, जोजोबा तेल 9 ग्रॅम, सुगंध 1.5 ग्रॅम. म्हणजे मेण 30 टक्के, सुगंध 10 टक्के. थंड हवेत राहणाऱ्याने मेण 25 टक्क्यांवर आणलं तरी चालेल. 20 च्या खाली गेलात की ते मलम होतं.

मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, पण तेलात मिसळल्यावर त्याचा कणखरपणा बराच कमी होतो. त्यामुळे "मेण साठ अंशांपर्यंत टिकतं, मग डबी का मऊ झाली?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कुठलीच डबी ठेवू नका.

तेल निवडतानाही हाच विचार. खोबरेल 24-25 अंशांना वितळतं, म्हणून थंडीत घट्ट आणि उकाड्यात ढिलं असा त्याचा खेळ चालतो. माझी पहिली डबी खोबरेलाचीच होती. जोजोबा रासायनिकदृष्ट्या द्रव मेण आहे. ते लवकर खवट होत नाही आणि त्याला स्वतःचा वासही फारसा नसतो.

ओतण्याआधी न तपासणं

मिश्रण वितळलेलं असताना त्याचा एक थेंब थंड बशीवर टाका आणि दोन मिनिटं थांबा. मग बोटाने हलकेच चोळा. बोट न दाबता घसरत असेल आणि त्वचेवर पातळ थर येत असेल तर ओता. थेंब नखाने खरवडावा लागला तर तेल घाला, बोट लागताच पसरला तर मेण. ही तपासणी सुगंध घालण्याआधी करायची आणि तेव्हा थेंब जरा घट्टच असू द्यायचा, कारण सुगंध त्याला आणखी मऊ करणार आहे.

आधीच ओतून झालेली मऊ डबीही वाचवता येते. समजा 15 ग्रॅमच्या डबीत मेण 3 ग्रॅमच पडलंय. 30 टक्क्यांवर यायला साधारण 2 ग्रॅम मेण आणखी लागेल. सगळं एकत्र तापवू नका. आधी ते 2 ग्रॅम मेण एकटं वितळवा, मग डबीतल्या मिश्रणाचे तुकडे त्यात घालून जेमतेम विरघळेपर्यंत ढवळा. असं केलं की सुगंध कमीत कमी वेळ उष्णतेत राहतो. सुगंधाचं प्रमाण पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास येतं, ते चालतं.

सुगंध उकळत्यात घालणं

मेण आणि तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत वितळवतात. त्याच वेळी सुगंधही ओतला की खोली घमघमते. तो घमघमाट डबीत असायला हवा होता! वाटी बाहेर काढा, मिश्रण 55 ते 60 अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर वाटीच्या कडेला पांढुरकी रेघ धरू लागली की समजायचं वेळ झाली. मग सुगंध घालून पटकन ढवळा आणि लगेच ओता. उशीर केला तर गुठळ्या होतात.

एवढं करूनही लिंबू-संत्र्याचा वास लवकर उडतो, कारण ते हलके घटक असतात. त्यांना धरून ठेवायला जड वास हवा: पचौली, वाळा, चंदन. माझं 1.5 ग्रॅमचं मिश्रण लव्हेंडर 0.6, गोड संत्रं 0.4, पचौली 0.3 आणि देवदार 0.2 ग्रॅम असं असतं. आणि डबी हुंगून निर्णय देऊ नका. दोन-तीन दिवस मुरू द्या, मनगटावर लावा, दहा मिनिटांनी बघा. अल्कोहोलच्या स्प्रेसारखा हा वास दूरवर पोचत नाही. तो जवळच राहतो, ही काही चूक नव्हे. पिवळ्या मेणाचा मधाळ वास नाजूक फुलांच्या वासावर मात करतो, तिथे गाळलेलं पांढरं मेण वापरा.

व्हॅनिला इसेन्स घालायची हौस सगळ्यांना असते. स्वयंपाकाचा इसेन्स पाणी-अल्कोहोलचा असतो. तो मेणात मिसळतच नाही, तळाशी तपकिरी मणी होऊन बसतो. पाण्याचा थेंबही असाच नडतो, म्हणून वाटी आणि डबी कोरडी ठणठणीत हवी.

नैसर्गिक म्हणून कितीही घालणं

यात मी कडक आहे. 10 टक्के ही एकूण सुगंधाची मर्यादा, प्रत्येक तेलाची नव्हे. लवंगेचं तेल त्वचेसाठी अर्ध्या टक्क्यापर्यंतच ठेवतात, म्हणजे 15 ग्रॅममध्ये जेमतेम दोन-तीन थेंब. दालचिनीच्या सालीचं तेल मी घालतच नाही. सालीतून दाबून काढलेलं बर्गामोट किंवा लिंबाचं तेल उन्हात त्वचा भाजू शकतं, आणि परफ्यूम लावतो आपण मानेवर, मनगटावर. उन्हात त्वचा भाजवणारा बर्गाप्टीन हा घटक काढून टाकलेलं बर्गामोट मिळतं, तेच घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट बघा. खाज सुटली तर ती डबी बाद.

ओतल्यावर मधोमध खड्डा पडतो तो मेण आकसल्याने. पृष्ठभागावर हेअर ड्रायर हलका फिरवला की भरून येतो. डबी फ्रिजमध्ये घाईने थंड केली की तडे जातात, आणि गरम असतानाच झाकण लावलं तर आत दव धरतं. डबी अॅल्युमिनियमची घ्या. लिंबूवर्गीय तेलं काही प्लॅस्टिकं चिकट करून टाकतात.