समोरच्याची बोली कळली नाही तर परत कसं विचारायचं (उपकेंद्रावरच्या अनुभवातून)

मी मूळची सांगलीकडची, नर्स म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या उपकेंद्रावर. मराठीच तर आहे, त्यात काय अडचण येणार असं वाटलं होतं, पण पहिल्याच पावसाळ्यात एक वयस्कर कास्तकार आले, बाकावर टेकले आणि म्हणाले, "बाई, डोये लय दुखून राह्यले." मी ऐकलं "डोई". आमच्याकडे डोई म्हणजे डोकं, म्हणून मी डोकेदुखीची गोळी दिली आणि ते बिचारे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा दोन्ही डोळे लालभडक, सारखं पाणी येत होतं. आदल्या दिवशी त्यांनी पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीवर फवारा मारला होता आणि औषधाचे तुषार डोळ्यात गेले होते. डोळे 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवून घेतले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, बरे झाले ते, पण एक पूर्ण दिवस गेला तो फक्त मी एकदा परत विचारलं नाही म्हणून. का नाही विचारलं? लाज वाटली. मराठी असून मराठी कळत नाही हे सांगायचं कसं, आणि त्यांना असं तर नाही ना वाटणार की ही बाई आपल्या बोलीला नावं ठेवतेय.

त्यानंतर जे शिकले ते लिहितेय. उदाहरणं दवाखान्यातली आहेत कारण मला तेच माहितीये, पण बदली होऊन विदर्भात आलेले शिक्षक, बँकवाले, तलाठी सगळ्यांना हे उपयोगी पडेल.

आधी "काय?" म्हणणं बंद करा

कळलं नाही की आपल्या तोंडून आपसूक "काय?" नाहीतर "आं?" निघतं. त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की यांना ऐकू आलं नाही, मग तो तेच वाक्य तसंच पण मोठ्याने म्हणतो. अडचण आवाजाची नव्हतीच, उच्चाराची होती, त्यामुळे मोठ्याने म्हटलेलं "डोये" पण आपल्याला "डोई"च ऐकू येतं. आता दोन वेळा झालं, बाहेरच्या बाकावरचे चार जण बघायला लागले, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत होत नाही आणि आपण मान हलवून मोकळे होतो.

दुसरं म्हणजे इकडच्या बऱ्याच लोकांना पुण्या-मुंबईत बोलीवरून हसणं सोसावं लागलेलं असतं, स्वतःला नाही तर पोराला तरी. आपल्या सुरात "कायऽऽ?" म्हटलं की त्यांना तेच आठवतं. मग ते सावध होतात, पुस्तकी बोलायला बघतात, आणि पुस्तकी बोलताना माणूस अर्ध्या गोष्टी सांगतच नाही, दोन शब्दात उरकतो. "नीट बोला", "शुद्ध बोला" हे तर चुकूनही म्हणू नका, त्यानंतर तो माणूस तुमच्याशी मोकळं बोलणार नाही.

परत विचारणं ही काही विशेष गोष्ट नाही हेही डोक्यात असू द्या. 2015 साली एक अभ्यास आला होता, त्यात 12 भाषांमधल्या रोजच्या साध्या गप्पा तपासल्या होत्या, तर साधारण दीड मिनिटाला एकदा कोणीतरी कोणाला "काय म्हणालास", "कोण?" असं विचारतच असतं. म्हणजे एकाच बोलीची माणसंसुद्धा विचारतात.

सुरुवातीलाच एकदा सांगून टाका

माणूस बसला की मी म्हणते, "बाबाजी, मी सांगलीकडची आहे, तुमची बोली अजून शिकून राह्यली, एखादा शब्द दोनदा विचारला तर राग नका मानू." बस. एवढ्याने कमीपणा कुठे आहे ते ठरून जातं, माझ्या कानात आहे, त्यांच्या बोलण्यात नाही. पण हे एकदाच म्हणायचं. दर वाक्याला "सॉरी, मला कळत नाही" केलं की त्यांना आपल्याला सांभाळून घ्यायचं काम लागतं आणि दुखणं राहतं बाजूला. आणि खोटं कारण सांगू नका, पंख्याचा आवाज होतोय, कान बसलाय वगैरे, कारण मग ते परत ओरडूनच सांगणार.

जेवढं कळलं ते परत म्हणा, राहिलेलं तेवढंच विचारा

सगळ्यात जास्त फरक पडला तो यानेच. समजा ते म्हणाले, "काल पराटीले फवारा मारला, तवापासून डोये दुखून राह्यले," आणि मला फवाऱ्यापर्यंतच कळलं. तर मी असं म्हणते, "काल फवारा मारला, हे आलं ध्यानात. तेव्हापासून काय दुखून राह्यलं?" त्यांना कळतं की बाई ऐकतेय, अडलंय ते फक्त एका शब्दावर, मग ते पूर्ण वाक्य परत न म्हणता तोच शब्द सावकाश म्हणतात आणि बहुतेक वेळा हात पण तिथे नेतात. हात डोळ्याकडे गेला की प्रश्नच मिटला.

हात नाही गेला तर दोन पर्याय पुढे ठेवायचे, आणि आपलाच हात लावून दाखवायचं: "डोकं का डोळा?" इथे एक मोठी चूक होते, आपण विचारतो "डोकं दुखतंय ना?" आणि उत्तर येतं "हाव". हाव म्हणजे हो, पण नर्सबाईला नाही कसं म्हणायचं म्हणूनही हाव येतं, तुमचा प्रश्न त्यांना कळला नाही तरी येतं. अडचण दोन्हीकडून असते हे मला उशिरा कळलं, माझी सांगलीची मराठी पण त्यांना सगळी कळत नव्हती. म्हणून हो-नाहीचा प्रश्न टाळा, "हे का ते" विचारा, उत्तरात त्यांना काहीतरी निवडावं लागतं. नुसतं घाईघाईने "हाव, हाव" आलं आणि पुढे काहीच नाही तर समजा की कळलेलं नाही. "हाव, अन् रातच्याले जास्त दुखते" असं काही जोडून आलं तर नक्की कळलंय.

आकड्यांसाठी हे सगळं कमी पडतं. वऱ्हाडीत शब्दाच्या सुरुवातीच्या वि-वीमधला व बऱ्याचदा गळतो, वीसचं ईस होतं, विहिरीची इहीर होते. "खोकल्याले ईस दिवस झाले" हे मला कधी तीस वाटायचं. वीस आणि तीस दोन्हीला थुंकी तपासायला पाठवायचंच असतं कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की ते करावंच लागतं, पण गरोदर बाईच्या पाळीची तारीख असेल तर दहा दिवसांनी सगळा हिशोब बदलतो. म्हणून आकडा आला की मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवते, "बोट ठेवा बरं". कॅलेंडर वाचता येत नसेल तर पोळा, महालक्ष्म्या, बाजाराचा दिवस धरायचा, पोळ्याच्या आधी का नंतर, किती बाजार झाले.

थोडे आवाज ओळखून ठेवले की विचारायची वेळच कमी येते

अकोला, बुलडाणा, अमरावतीकडे ळ चा बहुतेक य होतो: डोळा डोया, केळं केयं, काळा काया. गुडघ्याला इकडे टोंगळा म्हणतात, तोही टोंगया होतो. डोक्याला डोक्स. नागपूरच्या पुढे भंडारा-गोंदियाकडे गेलात तर ळ चा र ऐकू येतो, जवळचं जवर, डोळ्याचा डोरा, म्हणजे अकोल्यात सरावलेला कान तिथे परत पहिलीपासून. ण चा न तर सगळीकडे. आणि पुरुषाबद्दल बोलताना पण "तो येते", "तो जाते" म्हणतात, मी सुरुवातीला "पोट्टा जेवत नाई, नुसतं पानी पेते" असलं ऐकून घरात अजून एखादी मुलगी पण आजारी आहे का असं शोधत बसायचे. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर अडलेले शब्द लिहून ठेवायचे आणि संध्याकाळी आशाताईंना विचारायचे, पेशंटसमोर नाही. महिन्याभरात कान सरावला.

दोनदा विचारूनही नाही कळलं तर

तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारू नका, रस्ता बदला. शब्द सोडून द्या आणि गोष्ट विचारा: "सकाळपासून काय काय केलं सांगा बरं." लांब बोलण्यात तोच शब्द परत येतो, आजूबाजूच्या शब्दांनी त्याचा अर्थ लागतो, आणि आपला कानही सरावतो. तोंडात खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी असेल तर ती अडचण बोलीची नाहीच. तेव्हा "खर्रा थुका" असं चारचौघात म्हणण्यापेक्षा मी पाण्याचा ग्लास पुढे करते, "बाबाजी, उन्हातून आले, आधी पाणी घ्या," ते स्वतःच बाहेर जाऊन चूळ भरून येतात.

सोबत सून किंवा नातू असेल तर त्यांची मदत घ्यायला हरकत नाही, फक्त बघायचं आणि बोलायचं आजारी माणसाकडेच. "काय म्हणतायत हे?" असं नातवाला विचारलं की म्हातारा माणूस गप्प होतो. त्याऐवजी, "बाबाजी, हा शब्द मला नाही जमला, नातवाला सांगू देऊ का?" त्यांनी हो म्हटल्यावरच. आणि बाईमाणसाचं अंगावरून जाणं वगैरे असेल तर नातेवाईक नको, आशाताईला बोलवा.

फोनवर यातलं हात, बोट, कॅलेंडर काहीच चालत नाही. तिथे मी अंदाज लावतच नाही, "ताई, दवाखान्यात या नाहीतर आशाताईला फोन द्या" एवढंच. फवाऱ्यानंतर उलट्या, घाम, तोंडाला लाळ असलं काही अर्धवट जरी कानावर आलं तर शब्द नक्की करत बसत नाही, आधी 108 ला फोन.

शेवटी उलटा सवाल

गोळ्या दिल्यावर "कळलं ना?" विचारलं की परत हावच येतं. म्हणून मी म्हणते, "माझं बोलणं तुमच्याकडचं नाही, मी बरोबर सांगतलं का बघू द्या, घरी गेल्यावर काय करणार सांगा." परीक्षा माझी होते, त्यांची नाही. ते डोळ्यांचे बाबाजी पुढच्या वर्षी परत आले होते टोंगया घेऊन. मी सगळं समजावलं आणि सांगायला लावलं, तर म्हणाले, "जेवन झाल्यावर एक, रातच्याले एक, अन् फवारा पोरगा मारीन." शेवटचं मी सांगितलंच नव्हतं, तेच घरी ठरवून आले होते.