ब्रोमोथायमॉल ब्लूचा पीकेए काढताना या चुका टाळा

ठाण्यातल्या एका कॉलेजात प्रॅक्टिकलच्या तासाला एका विद्यार्थिनीने वही पुढे केली. “सर, सरासरी ६.९८ येतेय आणि पुस्तकात ७.१ आहे. एवढा फरक चालेल ना?” फरक फार मोठा नव्हता. मला खटकली ती सरासरीच्या वरची तीन उत्तरं. पीएच ६.६ ला पीकेए ७.०३, पीएच ७.० ला ७.०० आणि ७.४ ला ६.९२. आकडे इकडेतिकडे विखुरलेले नव्हते, पीएच वाढेल तसे ते ओळीने खाली उतरत होते. पीकेए हा एका तापमानाला स्थिर असलेला आकडा. तो पीएचबरोबर सरकायला लागला की सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही, कारण शोधायचं.

आपण वापरतो ते सूत्र असं, त्यात A म्हणजे त्या पीएचला मोजलेला ॲब्सॉर्बन्स:

```
pKa = pH - log[(A - A_HIn)/(A_In - A)]
```

ब्रोमोथायमॉल ब्लूचं निळं रूप साधारण ६१५ नॅनोमीटरला भरपूर प्रकाश शोषतं, पिवळं रूप तिथे जवळपास काहीच शोषत नाही. म्हणून A_HIn, म्हणजे सगळा रंग पिवळ्या रूपात असतानाचा ॲब्सॉर्बन्स, शून्याच्या आसपास येतो. A_In म्हणजे सगळा रंग निळ्या रूपात असतानाचा ॲब्सॉर्बन्स. या मुलीने तो पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये मोजला होता: ०.७९९. द्रावण डोळ्यांना पूर्ण निळंच दिसतं, त्यामुळे शंका येत नाही. पण पीकेए ७.१ असेल तर पीएच ८ ला निळं रूप फक्त ८९ टक्के असतं. अकरा टक्के रंग अजून पिवळ्याच रूपात आहे.

मी तिला तेवढाच रंग अगदी सौम्य, ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून पुन्हा मोजायला लावलं. आकडा आला ०.९००. आता पीएच ७.४ चं वाचन बघा. तिथे ॲब्सॉर्बन्स ०.६०० होता. जुन्या टोकाने, म्हणजे पूर्ण निळ्यासाठी ०.७९९ धरून, गुणोत्तर ०.६०० भागिले ०.१९९, म्हणजे तीन, आणि पीकेए ६.९२. नव्या टोकाने ०.६०० भागिले ०.३००, बरोबर दोन. दोनचा लॉग ०.३० आणि पीकेए ७.१०. पीएच ६.६ ला ०.२१६ आणि ७.० ला ०.३९८ ही वाचनंही ७.१० वरच येऊन बसली. मधलं एकही वाचन चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते टोक.

आम्लाच्या बाजूलाही हेच होतं. पीएच ६ ला “पूर्ण पिवळं” धरलंत तर तिथे सात टक्के निळं रूप शिल्लक असतं आणि कमी पीएचची उत्तरं फुगतात. वरच्याच आकड्यांत पीएच ६.६ चं उत्तर ७.२६ वर जाईल. म्हणून जास्त पीएचकडे उत्तरं पडत असतील तर अल्कली टोक तपासा, कमी पीएचकडे चढत असतील तर आम्ल टोक. आम्ल टोकासाठी ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड पुरतं. त्याहून तीव्र ॲसिडच्या वाटेला जाऊ नका, खूप तीव्र ॲसिडमध्ये हा इंडिकेटर आणखी एक प्रोटॉन घेऊन तिसराच रंग दाखवतो.

टोकं नीट असूनही टोकांजवळची वाचनं गणितात घेऊ नयेत. पीएच ९ ला वाचन ०.८८९ यायला हवं, म्हणजे छेदात उरतात फक्त ०.०११. यंत्राने ०.८९४ दाखवलं, तर एवढ्याशा फरकाने पीकेए ६.८३ होतो. पीकेएच्या दोन्ही बाजूंना पाऊण एकक, तेवढ्यातच राहा.

उत्तरं सरकत नसून नुसती विखुरलेली असतील तर संशय पिपेटवर घ्यायचा. प्रत्येक फ्लास्कमध्ये रंग सारखाच पडला का, हे बघायला एक सोपी जागा आहे. साधारण ५०० नॅनोमीटरला दोन्ही रूपं सारखंच शोषतात, त्यामुळे पीएच काहीही असला तरी तिथलं वाचन एकच यायला हवं. नेमकी तरंगलांबी तुमचे आलेख एकमेकांवर ठेवले की ते जिथे छेदतात तिथे मिळेल. एखादा फ्लास्क तिथे पाच टक्के जास्त दाखवत असेल, तर त्याचं ६१५ चं वाचन १.०५ ने भागून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हवा एवढी दमट असते की फ्रिजमधून काढलेला बफर लगेच क्युवेटमध्ये ओतला तर काचेवर बाहेरून दव धरतं. मग ५०० लाही वाचन वर जातं आणि दोष उगाच पिपेटला लागतो. बफर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, क्युवेट पुसा, मगच मोजा.

राहिली शेवटची तक्रार: तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळतात, पण सगळीच ६.९ येतात. इथे ॲब्सॉर्बन्सला हात लावू नका. बाटलीवर लिहिलेला पीएच गणितात टाकला असेल, किंवा मीटर फक्त ७ च्या बफरवर लावला असेल आणि तो बफरच बिघडलेला असेल. मीटर ४ आणि ९.२ च्या बफरवरही तपासा आणि रंग घातलेल्या त्याच द्रावणाचा पीएच मोजा. सगळ्या फ्लास्कमधल्या क्षारांचं प्रमाणही सारखं ठेवा, कारण ते वाढलं की मोजलेला पीकेए खरोखरच थोडा खाली येतो.