एसीतून बाहेर पडताच कॅमेऱ्यावर वाफ धरते? या चुका टाळा

जूनमध्ये मालवणच्या हॉटेलात रात्रभर २२ अंशांवर एसी चालू, फोन टेबलावर. सकाळी समुद्रावर जाऊन फोटो काढावा, तर सगळं दुधाळ. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नसतो. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. त्याहून थंड असलेल्या कोणत्याही काचेवर दव जमणारच, आणि फोन तर अजून २२-२३ अंशांवरच आहे.

पहिली चूक इथेच होते: लगेच पुसणं. काच थंड आहे तोवर पुसलेल्या जागी काही सेकंदांत पुन्हा वाफ धरते. त्यात शर्टाचं टोक वापरलं, तर बोटांचं तेल काचभर पसरतं आणि वाफ गेल्यावरही दिव्यांभोवती प्रभावळ दिसत राहते. तोंडाने फुंकर मारणं तर उलटंच, कारण श्वास दमटच असतो.

कव्हर काढा आणि फोन पँटच्या खिशात ठेवा. अंगाच्या उबेने दहा-पंधरा मिनिटांत काच दवबिंदूच्या वर जाते. मग उरलेला ओलावा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलकेच टिपून घ्या. कॅमेऱ्यावर वेगळी संरक्षक काच चिकटवली असेल, तर वाफ तिच्या खाली अडकलेली असू शकते. अशी काच पावसाळ्यात काढूनच ठेवलेली बरी.

घाई म्हणून हेअर ड्रायर लावू नका, फोन गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हातही ठेवू नका. फोनचा मागचा भाग आणि कॅमेऱ्याची काच चिकटद्रव्याने बसवलेली असते. उष्णतेने ते सैल पडलं की आज बाहेर असलेली वाफ पुढच्या वेळी आत शिरते.

ती आधीच आत शिरली आहे का, हे ओळखणं सोपं आहे. काच पुसल्यावरही धुरकटपणा जसाच्या तसा राहिला, किंवा तिरप्या उजेडात काचेमागे थेंब दिसले, तर ओलावा आत आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत एक-दोन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका. त्याचा भुसा चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतो. वाफ पुन्हा दिसली तर सील गेलं आहे, दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं लागेल.

हे सगळं टाळायचं असेल तर निघण्याआधी, खोलीतच, फोन झिपच्या पिशवीत घालून बंद करा. पिशवीत खोलीतली कोरडी हवा राहते, त्यामुळे बाहेर आल्यावर दव पिशवीवर जमतं, काचेवर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पिशवी बाहेरून पुसून घ्या, मगच उघडा. पिशवी नसेल तर निघण्याआधी अर्धा तास एसी बंद करून खिडकी थोडी किलकिली करा. फोन मात्र गार फरशीवर नको, बिछान्यावर ठेवा.